सातच का? – पेपर तपासणाऱ्याच्या खुर्चीतून

रविवार, रात्री

कॅप सेंटरवरची, म्हणजे विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका जिथे एकत्र तपासतात तिथली, तपासणी संपली. हाताला अजून लाल शाईचा वास आहे. दुपारी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी सरावाचं उत्तर घेऊन आली होती. "मॅडम, साडेचार पानं लिहिली, चार निवाडे टाकले, तरी तुम्ही सातच दिलेत पंधरापैकी." मी तिला खुर्ची दिली. मग आम्ही दोघी तेच उत्तर पुन्हा वाचत बसलो, या वेळी मी तपासताना काय बघते ते मोठ्याने बोलत. तिच्यासाठी कागदावर जे उतरलं ते इथे नीट लिहून ठेवते. पुढच्या बॅचला उपयोगी पडेल.

प्रश्न करार कायद्यातला, दर दोन-तीन वर्षांनी येणारा: 'अज्ञानाचा करार सर्वथा शून्य असल्याने त्याच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. चिकित्सक चर्चा करा.' अज्ञान म्हणजे इथे कायद्याने वयात न आलेली व्यक्ती. गुण १५.

तपासणारा सुरुवातीपासून बेरीज करत जात नाही. मी तरी जात नाही, आणि बरोबर बसणारे सहकारीही जाताना दिसत नाहीत. पहिलं पान वाचून होईपर्यंत मनात एक पट्टा ठरतो: हे सहा-सातचं उत्तर आहे, की नऊ-दहाचं, की त्याच्याही वरचं. उरलेली पानं तो पट्टा खरा की खोटा हे ठरवायला वाचायची, आणि शेवटी एखाद-दुसरा गुण वर-खाली करायचा. म्हणून पहिल्या पानावर कलम १० आणि ११ उतरवून 'सज्ञान असणे आवश्यक आहे' एवढ्यावर थांबणारं उत्तर लगेच सहा-सातच्या पट्ट्यात जाऊन बसतं. तिथून वर यायला पुढे बरंच काही लागतं. तिचं उत्तर नेमकं तसंच सुरू झालं होतं. कलमं बरोबर होती, व्याख्या बरोबर होती, पण प्रश्नातल्या विधानाबद्दल तिचं मत काय ते तिसऱ्या पानापर्यंत कळत नव्हतं.

या विधानाचे दोन भाग आहेत. करार शून्य आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो झालेलाच नाही, हा पहिला. म्हणून दायित्व नाही, हा दुसरा. पहिला भाग बरोबर आहे, दुसरा अर्धाच बरोबर आहे, आणि सगळे गुण त्या उरलेल्या अर्ध्यात लपलेले आहेत. हे दोन ओळींत सुरुवातीलाच सांगणाऱ्या मुलाचं पुढचं उत्तर मी वेगळ्या नजरेने वाचते.

तिच्या उत्तरातला एक परिच्छेद जसाच्या तसा:

'मोहोरी बीबी वि. धर्मोदास घोष (१९०३) या खटल्यात अज्ञानाने घर गहाण ठेवून कर्ज घेतले. प्रिव्ही कौन्सिलने करार शून्य ठरवला. त्यामुळे अज्ञानाने वय खोटे सांगून पैसे घेतले तरी ते परत करावे लागत नाहीत.'

पहिली दोन वाक्यं ठीक. तिसऱ्यातल्या 'त्यामुळे'वर माझं पेन थांबतं. धर्मोदासने आपण सज्ञान असल्याचं लिहून दिलं होतं हे खरं, पण सावकार ब्रह्मो दत्तच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्या माणसाला त्याचं खरं वय ठाऊक होतं. आईच्या वकिलाचं पत्र आधीच त्याच्या हाती पडलं होतं. ज्याला सत्य माहीत आहे तो फसलाच कुठे? म्हणून इस्टॉपेलचा, म्हणजे स्वतः सांगितलेल्या गोष्टीवरून नंतर मागे फिरता येत नाही हा, मुद्दा तिथे टिकला नाही, आणि पैसे परत देवविण्याचा विवेकाधिकारही कोर्टाने वापरला नाही. खरोखर फसलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न त्या निवाड्याने सोडवलेला नाही. तो लाहोर उच्च न्यायालयापुढे खान गुल वि. लाखा सिंग (१९२८) मध्ये आला. तिथे वय लपवून जमीन विकायचा करार करणाऱ्या अज्ञानाला घेतलेले साडेसतरा हजार रुपये परत करायला लावले. अलाहाबादला ते पटलं नाही, १९३७ मध्ये अजुधिया प्रसाद वि. चंदन लालमध्ये उलटा निर्णय झाला. शेवटी विशिष्ट दिलासा कायदा, १९६३ च्या कलम ३३ ने वाद मिटवला: अज्ञान प्रतिवादी 'मी करारास अक्षम होतो' म्हणून दावा परतवत असेल, तर त्याला किंवा त्याच्या मालमत्तेला जेवढा लाभ झाला तेवढा परत करायला कोर्ट सांगू शकतं.

हे वाचून ती म्हणाली, "पण मॅडम, खान गुल मी लिहिलाय ना पुढच्या पानावर!" लिहिला होता, एका ओळीत, नाव आणि साल. मोहोरी बीबीशी त्याचं नातं काय, हे मात्र मलाच जोडून घ्यावं लागत होतं, आणि तपासणारा ते जोडून घेत नाही. तीन मिनिटांत पुढचा गठ्ठा उघडायचा असतो.

मग आम्ही तिच्यासाठी निकषांचा तक्ता बनवायला बसलो. तिने आधीच एक करून आणला होता, कुठल्याशा नोट्समधला. 'आशय: उत्तम, मध्यम, कमी. मांडणी: उत्तम, मध्यम, कमी.' त्याने स्वतःला तपासता येत नाही, कारण आपलं लिखाण आपल्याला नेहमी 'मध्यमपेक्षा बरं' वाटतं. निकष असा हवा की उत्तरावर बोट ठेवून 'हे इथे आहे' किंवा 'नाही' म्हणता यावं.

पहिला निकष भूमिकेचा, ३ गुण. पहिल्या पाच-सहा ओळींत विधानाच्या दोन्ही भागांवर मत आहे का? ते मत अधोरेखित करता येत नसेल तर शून्य. फक्त एका भागावर असेल तर १. दोन्ही भाग आणि त्यांच्यातला फरक सांगितला असेल तर ३.

दुसरा कायद्याचा, ४ गुण. इथे कलम ११, शून्य करारात मिळालेला लाभ परत करायला लावणारं कलम ६५ का लागू होत नाही, कलम ६८ आणि १९६३ च्या कायद्याचं कलम ३३. कलम ६८ मध्ये बहुतेक जण एक गोष्ट गाळतात: जीवनावश्यक वस्तूंची भरपाई अज्ञानाच्या मालमत्तेतून मिळते, त्याच्यावर वैयक्तिक दायित्व येत नाही. ते गाळलं तर मी अर्धाच देते.

तिसरा निवाड्यांचा, तोही ४. यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. निवाड्याचं नुसतं नाव म्हणजे काहीच नाही. नाव आणि काय ठरलं, अर्धा. नाव, काय ठरलं आणि 'म्हणून माझ्या विधानाचं काय' हे त्याच परिच्छेदात असेल तर पूर्ण एक. या मोजमापाने तिच्या चार निवाड्यांना मिळून दीड गुण मिळाला. तिने स्वतःच मोजलं, मी गप्प बसले होते.

चौथा दुसऱ्या बाजूचा, ३ गुण. नियम अज्ञानाचं रक्षण करतो, तसाच त्याच्या अंगलटही येतो. मुंबई उच्च न्यायालयाचा राज राणी वि. प्रेम अदिब (१९४९) यासाठी नेमका आहे. निर्मात्याने चित्रपटात अज्ञान मुलीला भूमिका दिली, करार वडिलांशी केला, मग भूमिका दुसरीला दिली. करार शून्य, म्हणून मुलीलाही दाद मागता येईना. एवढं लिहून 'मग हे रक्षण कोणाचं?' असा एक परिच्छेद टाकला की उत्तर वरच्या पट्ट्यात सरकतं. उरलेला १ गुण मांडणी आणि भाषेचा. अक्षरासाठी कोणी गुण देत नाही, पण न वाचता आलेल्या ओळीचे गुण कोणी देऊही शकत नाही.

बेरीज पंधरा होते, पण बेरजेवर मी एक अट घातली: भूमिकेच्या निकषात शून्य असेल तर एकूण ८ च्या वर जायचं नाही, बाकी कितीही भरलं तरी. कागदावर हे अन्यायाचं वाटतं. पण तपासणाऱ्याच्या मनातला पट्टा असाच चालतो. तक्त्यात ही अट नसेल तर घरी अकरा मिळतात, परीक्षेत सात, आणि मग 'पेपर कडक तपासला' म्हणायचं.

वापरायचा कसा, तेही ठरलं. उत्तर वेळ लावून लिहायचं आणि निदान दोन दिवस बघायचं नाही. मग पेन्सिलीने प्रत्येक वाक्याच्या समासात एक अक्षर: 'क' कलमासाठी, 'न' निवाड्यासाठी, 'य' स्वतःच्या युक्तिवादासाठी, 'भ' भरताडासाठी. तिने जागेवरच करून पाहिलं. पहिल्या दोन पानांवर एकही 'य' नव्हता. 'भ' मात्र होते, त्यात 'कायदा हा समाजाचा आरसा आहे' हे वाक्यही. असली वाक्यं मला दर गठ्ठ्यात भेटतात. मी रागावत नाही, पेन न टेकवता पुढे जाते.

मग तेच उत्तर आणि तोच तक्ता एखाद्या मैत्रिणीला द्यायचा, आपले गुण न सांगता. एखाद्या निकषात दोघींमध्ये एका गुणापेक्षा जास्त फरक आला तर भांडायचं नाही. तो निकष नीट लिहिलेला नाही, त्याची ओळ बदलायची. आमच्याकडे मॉडरेटर नमुन्याला काही पेपर पुन्हा तपासतात, तेव्हाही मोठा फरक बहुतेक अशा प्रश्नांत निघतो जिथे उत्तरसूचीत 'योग्य चर्चा' एवढंच लिहिलेलं असतं.

एक मर्यादा तिला दोनदा सांगितली. चुकीचा कायदा या तक्त्याने सापडत नाही. मोहोरी बीबीतला 'त्यामुळे' तिला बरोबरच वाटत होता, त्यामुळे स्वतः तपासताना तिने त्याला पूर्ण गुण दिले असते. म्हणून दुसरा आणि तिसरा निकष तपासताना कायद्याच्या मूळ मजकुराचा बेअर अ‍ॅक्ट आणि निवाड्याचा सारांश उघडा हवा, आठवणीवर नाही.

जाताना तिने विचारलं, हाच तक्ता कलम ५६ च्या प्रश्नाला चालेल का? अशक्यतेवरच्या निबंधाला चालेल, कलमं आणि निवाडे बदलून. पण कलम ५६ वर बहुतेकदा प्रसंग देऊन प्रश्न येतो: गोदाम जळालं, माल पोचला नाही, सल्ला द्या. तिथे भूमिकेचे ३ गुण वादाचा मुद्दा ओळखण्याला जातील, आणि निवाड्यांचे दोन काढून ते दिलेल्या हकिकतीला कायदा लावण्यात घालावे लागतील. तो तक्ता तिने करून गुरुवारी आणायचा आहे.