खात्यात दिसल्यावरच

“ताई, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, तरी तुम्ही पार्सल थांबवून ठेवता. आमच्यावर विश्वास नाही का?”

विश्वास आहे, आणि साडी मागवणाऱ्या गिऱ्हाइकांचा हा प्रश्न प्रत्येक वेळी माझ्या मनाला लागतो. पण स्क्रीनशॉटवरून फक्त तुमच्या फोनवर काय दिसले एवढेच मला कळते. जुन्या पावतीवरची तारीख बदलता येते, हुबेहूब पावती तयार करून देणारी खोटी ॲप आहेत, हे सगळे तुम्ही वाचलेले असते. माझी खरी अडचण मात्र प्रामाणिक गिऱ्हाइकांच्या बाबतीत येते.

गेल्या लग्नसराईत पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक काकूंनी मुलीच्या साखरपुड्यासाठी टसरची करवतकाठी साडी पसंत केली. साखरपुडा रविवारी होता, ब्लाउज शनिवारी शिवायचा होता, म्हणून साडी शुक्रवारी संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने नागपूरहून निघणे भाग होते. दुपारी त्यांचा स्क्रीनशॉट आला. रक्कम बरोबर, माझे नाव बरोबर, त्यांच्या खात्यातून पैसे वजा झाल्याचा बँकेचा संदेशही त्यांनी पुढे पाठवला. मात्र पावतीवर हिरव्या खुणेच्या जागी पिवळे घड्याळ होते आणि खाली ‘Pending’ लिहिलेले होते. यूपीआयमध्ये पैसे देणाऱ्याच्या बँकेतून रक्कम निघते, पण घेणाऱ्याच्या बँकेकडून जमा झाल्याची खात्री परत आली नाही, तर व्यवहार असा मध्येच लटकतो. पुढे तो पूर्ण होऊ शकतो किंवा पैसे परत जाऊ शकतात. व्यक्तीकडून व्यक्तीला पाठवलेली रक्कम जमा झाली नाही, तर ती फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत करावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. त्या दुपारी यांतले काय होणार, हे त्यांनाही सांगता येत नव्हते आणि मलाही नाही.

“अगं, कापले गेलेत पैसे, मी खोटं कशाला बोलू?” असे काकू फोनवर म्हणाल्या. त्या खोटे बोलत नव्हत्याच. पैसे दुसऱ्यांदा भरायला त्या तयार नव्हत्या, आणि एवढी रक्कम अडकलेली असताना कोण तयार होईल? मी बस सुटेपर्यंत खाते उघडून पाहत राहिले आणि पार्सल दिले नाही. शनिवारी दुपारी पैसे त्यांच्या खात्यात परत गेले. साखरपुड्याला मुलीने दुसरी साडी नेसली. काकूंनी त्यानंतर माझ्याकडून काही घेतलेले नाही.

पाच वर्षांपूर्वीची मी असते, तर शब्दावर साडी पाठवून मोकळी झाले असते. ‘जुनं गिऱ्हाईक आहे, देतील सोमवारी,’ हे तिचे म्हणणे मला आजही खोडून काढता येत नाही. पण एका साडीमागे मला जेमतेम सहाशे रुपये सुटतात आणि विणकराचे पैसे मी आधी मोजलेले असतात. सात हजारांच्या आसपासची एक साडी बुडाली, तर पुढच्या दहा साड्यांची कमाई ती भरून काढण्यात जाते. शिवाय प्रत्येक साडी एकच असते. ती ‘ठेवा’ म्हणणाऱ्या तिघीचौघी असतात, आणि एकीसाठी थांबणे म्हणजे दुसरीला नाही म्हणणे असते.

म्हणून सगळा हिशोब आता वहीत असतो. व्हॉट्सॲपवर मी ‘पैसे आले’ असे लेबल लावून पाहिले. पण मी ते गिऱ्हाइकाच्या सबंध चॅटला लावत असे, आणि एकाच बाईंच्या दोन साड्यांपैकी कोणत्या साडीचे पैसे आले, हे त्यावरून कळत नसे. भरणाऱ्याच्या नावावरूनही उलगडा होत नाही, कारण पैसे अनेकदा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यातून येतात. त्यामुळे ऑर्डरचा क्रमांक मी रकमेतच घालते. चौदाव्या ऑर्डरची रक्कम पाठवणीचा खर्च धरून ६,९१४ सांगितली, की खात्यात ६,९१४ दिसताच ती कोणाची हे विचारावे लागत नाही. कृपया ती रक्कम गोल करू नका. पावतीवरचा बारा आकडी यूटीआर क्रमांकही टाइप करून पाठवा. तोच क्रमांक मी माझ्या बँकेच्या नोंदीत शोधते, आणि तो सापडला की पार्सल त्याच दिवशी निघते.

कार्याची साडी असेल, तर पैसे दोन दिवस आधी भरा, असेही मी आता सांगते. काकूंनी मात्र साडीच गुरुवारी रात्री पाहिली होती.