डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू

दुपारी एका मित्राशी चॅटवर बोलणं चाललं होतं. बोलणं म्हणजे माझ्या लांबलचक परिच्छेदाला बऱ्याच वेळाने त्याचं एक "हं". तो दुसऱ्या स्क्रीनवर खेळतोय हे त्या "हं"च्या चालीवरूनच कळत होतं. आणि मग त्याच्याकडून हे आलं:

```
wwwwwwwwwwwwwwwwwwwwaaaaawdd  wrSSSS
```

पाठोपाठ दुसरा मेसेज:

```
mage ahe to mage
```

माझ्या मागे भिंत होती. तरी मी वळून पाहिलं.

ज्यांनी कधी कीबोर्डवरचे गोळीबाराचे खेळ खेळले नाहीत त्यांना पहिली ओळ म्हणजे कुणीतरी वेबसाइटचा पत्ता लिहायला घेतला आणि लिहिता लिहिता झोपलं, असं वाटतं. बाकीच्यांना लगेच कळतं. डावा हात पुढे, डावीकडे, मागे, उजवीकडे नेणाऱ्या डब्ल्यू, ए, एस, डी वर, अंगठा स्पेसवर, करंगळी शिफ्टवर, आणि खेळाची खिडकी केव्हाच निसटलेली. कळा दाबल्या जातायत, पण त्या पोचतायत भलतीकडे.

मला या ओळी वाचायला फार आवडतं. लोक त्या लाजून लगेच डिलीट करतात, याचा मला मनापासून राग आहे. इतकं काही लिहिलेलं असतं त्यांच्यात!

वीस डब्ल्यू आणि पाच ए बघा. पाहिल्यावर वाटतं, गडी बराच वेळ पुढे धावला आणि किंचित डावीकडे सरकला. तसं नाही. कळ दाबून धरली की पहिलं अक्षर लगेच उमटतं, मग कॉम्प्युटर थोडा थांबतो आणि त्यानंतर अक्षरांची रांग लावतो. विंडोजमध्ये सेटिंग बदललं नसेल तर हे थांबणं साधारण अर्ध्या सेकंदाचं असतं, आणि नंतरची रांग सेकंदाला तीसेक अक्षरांच्या वेगाने धावते. आता, खिडकी निसटली तेव्हा डब्ल्यू आधीपासूनच दाबलेली होती. थांबण्याचा भाग खेळाच्या खिडकीतच होऊन गेला होता. चॅटच्या वाट्याला आली ती थेट रांग. म्हणजे वीस डब्ल्यूंना लागलं सेकंदाचं दोन तृतीयांश. ए मात्र नव्याने दाबली गेली. एक ए, अर्धा सेकंद शांतता, मग भराभर चार ए. हिशेब केला तर हेही सेकंदाच्या दोन तृतीयांशाच्या आसपासच येतं. वीस अक्षरं आणि पाच अक्षरं, वेळ जवळपास सारखा. त्यामुळे नुसती अक्षरं मोजून पावलं मोजता येत नाहीत.

पुढे आणखी मजा आहे. दोन कळा एकदम दाबून धरल्या तर रांग फक्त शेवटी दाबलेल्या कळेची लागते. पहिली कळ दाबलेलीच असली तरी तिची रांग तुटते, आणि दुसरी सोडल्यावर पुन्हा सुरूही होत नाही. म्हणजे ए चालू असताना डब्ल्यूवरचं बोट तिथेच असेलही, तिरकं धावताना ते तसंच असतं, पण ओळीत त्याचा पुरावा नाही. त्यानंतर सुटा डब्ल्यू दिसतो, म्हणजे ते बोट नक्की उचललं गेलं आणि पुन्हा टेकलं. इथे मित्राला पहिला संशय आला असणार. तो दाबतोय आणि पडद्यावरचा माणूस ऐकत नाहीये. मग दोनदा डी, टिचक्या मारल्यासारखी. मग दोन मोकळ्या जागा, म्हणजे दोन उड्या, न मारल्या गेलेल्या. पुन्हा डब्ल्यू. मग आर, बंदुकीत गोळ्या भरायला. काहीच चालत नसताना गोळ्या भरणं मला फार माणसासारखं वाटतं. आणि शेवटी मोठा एस, चार वेळा. लिपी मोठी झाली म्हणजे शिफ्ट दाबली गेली. मागे धाव, जीव घेऊन.

मग एंटर. त्याच्या खेळात एंटरने सोबत्यांशी बोलायची पट्टी उघडते. इथे एंटरने ओळ मला पाठवली. पुढचा "मागे आहे तो मागे" हा इशारा कुठल्यातरी सोबत्यासाठी होता. तो मला मिळाला, आणि ज्याला मिळायला हवा होता त्याचं काय झालं कोण जाणे.

एवढं वाचता येऊनही वाट मात्र काढता येत नाही. डब्ल्यू म्हणजे उत्तर दिशा नव्हे, डब्ल्यू म्हणजे 'तोंड आहे तिकडे', आणि तोंड फिरवतो माऊस. माऊस अक्षरं उमटवत नाही. गोळ्याही माऊसनेच सुटतात, त्यामुळे एवढ्या धुमश्चक्रीत बंदुकीचा एकही आवाज ओळीत नाही. आणि कंट्रोल दाबून वाकून चालणाऱ्यांची तर ओळच मिळत नाही. चॅट ब्राउझरमध्ये असेल तर कंट्रोल आणि डब्ल्यू म्हणजे टॅब बंद. लेखक, लेखन आणि वही, तिन्ही एकदम गायब.

खिडकी निसटते कशी? सगळे उगवणाऱ्या सूचनांना शिव्या घालतात. पण दुसऱ्या प्रोग्रामने आपली खिडकी जबरदस्तीने पुढे घुसवू नये याचा बंदोबस्त विंडोजने विंडोज ९८ पासून केलेला आहे. बहुतेक वेळा त्या प्रोग्रामला खाली पट्टीत नुसतं लुकलुकत बसावं लागतं. खरा गुन्हेगार बहुधा आपलाच हात. मारामारी चालू असताना खेळ माऊसचा बाण बांधून ठेवतो. नकाशा किंवा सामानाची यादी उघडली की बाण मोकळा सुटतो, दोन स्क्रीन असतील तर शेजारच्या स्क्रीनवर जातो, आणि तिथे बसलेली क्लिक चॅटच्या खिडकीवर बसते. क्लिक जिथे, कीबोर्ड तिथे. किंवा मग कंट्रोल आणि ऑल्टच्या मधली ती विंडोजची कळ, जिचा खेळणाऱ्याला काडीचा उपयोग नाही आणि जी करंगळीला बरोबर सापडते.

आणि इकडे खेळात? मित्राचा गडी तेव्हा काय करत होता हे खेळ लिहिणाऱ्यावर अवलंबून. खिडकी गेल्याची वर्दी प्रोग्रामला मिळते. ती मिळताच सगळ्या कळा सुटल्या असं धरायचं, ही शहाण्याची रीत. ते करायचं राहिलं तर डब्ल्यू दाबल्याचं खेळाला ठाऊक आणि सोडल्याचं नाही, कारण बोट उचलल्याची बातमी चॅटकडे गेली आणि चॅटला ती नको होती. मग गडी आपला भिंतीला नाक लावून धावत राहतो. परत आल्यावर डब्ल्यू एकदा दाबून सोडली की थांबतो.

हीच चार अक्षरं का, तर त्याला एक माणूस बराचसा कारण आहे. 'क्वेक' आला तेव्हा चालायला बाणांच्या कळा होत्या. १९९७ मध्ये त्याची मोठी स्पर्धा झाली, ती 'थ्रेश' या नावाने खेळणाऱ्या डेनिस फाँगने जिंकली आणि बक्षीस म्हणून खेळ बनवणाऱ्या जॉन कार्मॅकची लाल फेरारी नेली. हा थ्रेश डब्ल्यू, ए, एस, डी वर खेळायचा. फेरारी जिंकणाऱ्याची बोटं कुठे असतात हे लोक बघणारच. फ्रेंच कीबोर्डवर मात्र त्याच जागी झेड, क्यू, एस, डी येतात, म्हणून तिकडच्या गड्याचं धावणं असं दिसतं: `zzzzzzz`. घोरण्यासारखं.

आम्ही लहानपणी थ्रेशचं नाव न ऐकताच या कळांवर आलो. एक कीबोर्ड, दोन भावंडं. दादा मोठा म्हणून बाणांच्या कळा त्याच्या, मी डावीकडे कोंबलेला. एकाच खुर्चीवर दोघं अर्धे अर्धे. आमची खिडकी कधी निसटायची नाही, पण कळा हरवायच्या. मी डब्ल्यू दाबतोय आणि माझी गाडी ढिम्म. पुष्कळ दिवसांनी उलगडा झाला की दादा हरायला लागला की दोन-तीन कळा उगाच तळव्याखाली दाबून धरतो. त्या स्वस्त कीबोर्डात कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असायच्या, आणि ठराविक जागी तीन-चार एकदम दाबल्या की पुढची नेमकी कुठली हे त्याला ओळखता यायचं नाही. तो मग सरळ दुर्लक्ष करायचा. जाळीतलं दादाला काही ठाऊक नव्हतं. कुठल्या कळा दाबल्या की मी थांबतो, तेवढं मात्र त्याने शोधून काढलं होतं. मी आईकडे तक्रार केली तर ती म्हणाली, "तो आपल्याच कळा दाबतोय ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता त्याचा मुलगा खेळतो. त्याच्या कॉम्प्युटरवर मराठी लिहायला इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी आहे, आणि भाषा बदलायची राहिली तरी पुष्कळ खेळांना पत्ता लागत नाही, कारण ते अक्षर बघत नाहीत, कळेची जागा बघतात. चॅट मात्र अक्षर बघतं. इन्स्क्रिप्टमध्ये डावीकडे सगळे स्वर, त्यामुळे साधं चाललं तर नुसत्या मात्रा पडतात, ठिपक्यांच्या गोलावर टेकलेल्या, व्यंजनाची वाट बघत. शिफ्ट दाबून धावलं की मग स्वरांना कंठ फुटतो. पुढे धावलं तर ऐ, उजवीकडे अ. एसला ए आणि एला ओ.

परवा घरच्या ग्रुपवर त्याचा मेसेज पडला:

```
एएएएएएएओओओओओ
```

मागे धावला आणि मग डावीकडे, एवढंच. पण वाचताना कुणीतरी हाक मारली आणि त्यानेच ओ दिली असं वाटत होतं. दादाने खाली अंगठा टाकला. आईने फोन केला, "काय रे, कुणाला हाका मारतोयस?" तर पोरगा म्हणाला, "आजी, नंतर बोलतो, मेलोय."

आई अजून त्या शेवटच्या शब्दावरून बोलते आहे.