तोटीची पांढरी दाढी

इंदुरात बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, मधला दिवस बोअरिंगवर निघतो. कुणाच्या घरी बोअरिंग जास्त चालतं, हे विचारावं लागत नाही. न्हाणीघरातल्या तोटीला पांढरी दाढी आलेली असते आणि शॉवरची एक धार डोक्यावर, तर दुसरी खिडकीवर जात असते.

मग हात जातो भांड्यांच्या तारेकडे. क्षार निघतो, नाही असं नाही. पण क्रोमचा मुलामा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. तार किंवा हिरवा खरबरीत स्क्रबर त्यावर बारीक चरे पाडतो आणि पुढचा क्षार त्या चऱ्यांना धरून बसतो. संडासाचं अॅसिड त्याहून वाईट. त्यातलं हायड्रोक्लोरिक अॅसिड क्षाराबरोबर क्रोमही खातं.

क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याला आंबट पुरतं. पावशेर कोमट पाण्यात, म्हणजे साधारण अडीचशे मिली, मोठा चमचाभर (पंधरा ग्रॅम) सायट्रिक अॅसिड विरघळवायचं. नाहीतर पांढरं व्हिनेगर तसंच वापरायचं. अडचण एवढीच की तोटी उभी, त्यामुळे ओतलेलं सगळं खाली वाहून जातं. म्हणून जुन्या बनियनची पट्टी त्यात भिजवून गळ्याभोवती घट्ट गुंडाळायची आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांधायची, म्हणजे पट्टी सुकत नाही. तळाशी फरशी कोटा असेल तर आधी तिथे कोरडा जाड टॉवेल ठेवायचा; कोटा हा चुनखडकच, आंबट थेंबाने त्याची चमक जाते.

अर्ध्या तासाने सोडून बघायचं. पट्टी काढल्यावर बुडबुडे येत असतील तर काम चालू आहे. बुडबुडे थांबले आणि थर तसाच असेल, तर अॅसिड संपलंय. पट्टी ताज्या आंबट पाण्यात भिजवून पुन्हा बांधायची. रात्रभर मात्र ठेवायचं नाही. मुलाम्याला कुठे बारीक भोक पडलेलं असेल, तर अॅसिड आत शिरून पापुद्रा सोडवतं. मऊ झालेला थर बोटाने किंवा जुन्या टूथब्रशने सरकतो. नखाला उंचवटा लागला तर तो क्षार, खड्डा लागला तर मुलामाच गेलेला; तो घरी कशानेही परत येत नाही.

शॉवर काढायची गरज नसते. पिशवीत तेच आंबट पाणी भरून तोंड त्यात बुडेल अशी बांधायची. नंतर रबरी भोकं अंगठ्याने चोळायची; टाचणी घातली की भोक मोठं होतं आणि धार कायमची वाकडी. तोटीच्या तोंडची जाळी फिरवून काढून वाटीत भिजत टाकली की तिचंही होतं. ब्लीच असलेलं काही त्याच वेळी वापरायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो.

शेवटी साध्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसायचं. पुढेही आंघोळ झाल्यावर तोटीवरून ते फडकं एकदा फिरवलं, की थेंब तिथे सुकत नाही आणि पांढरा डागही पडत नाही.