धुराच्या खोलीत उजवा हात भिंतीला

अग्निशमनाच्या प्रशिक्षण इमारतीतल्या त्या खोलीत धूर इतका दाट होता की मास्कच्या काचेसमोर धरलेला हातमोजाही दिसेना. आम्ही दोघे होतो, पाठीवर श्वासासाठी हवेच्या सिलिंडरचा बीए सेट, हातात कुऱ्हाड आणि वॉकीटॉकी. काम होतं प्रायमरी सर्चचं, म्हणजे आग विझण्याची वाट न पाहता माणूस सापडेल अशा सगळ्या जागा झटपट चाचपायच्या. कसून तपासणी नंतर होते, शक्यतो दुसऱ्या जोडीकडून.

दारातच ठरवलं, उजवा हात. म्हणजे आत शिरताच उजवीकडे वळायचं आणि उजव्या हाताचा भिंतीशी संपर्क सुटू न देता फिरत राहायचं. असं केलं की खोली कितीही वेडीवाकडी असली तरी शेवटी आपण त्याच दारात येतो. आत जाण्याआधी मी दारावर खालच्या बाजूला खडूने एक तिरकी रेघ ओढली. खाली अशासाठी, की धूर वर जास्त दाट असतो आणि मागून येणाराही रांगतच येतो. एक रेघ म्हणजे आत माणसं आहेत, काम चालू आहे. मग दार उघडलं आणि आधी दारामागे हात घातला. पळता पळता दाराशीच कोसळलेली माणसं तिथे सापडतात.

भिंत धरून रांगणं तसं सोपं आहे. पण भिंत फक्त आपण कुठे आहोत ते सांगते. माणूस भिंतीला चिकटून पडलेला असेलच असं नाही, म्हणून जोडीदार माझ्या डावीकडून, माझा घोटा किंवा पट्टा न सोडता, कुऱ्हाडीचा दांडा जमिनीलगत खोलीच्या मध्याकडे फिरवत येत होता. दांडा सावकाश फिरवायचा, आपटायचा नाही. गुंडाळलेली गोधडी आणि माणसाची मांडी यांतला फरक दांड्याला कळत नाही, त्यामुळे मऊ काही लागलं की हाताने चाचपून बघायचं.

पहिला कोपरा, मग कपाट. ते उघडून आत हात फिरवला, कारण घाबरलेली मुलं अशाच जागी लपतात. दुसऱ्या कोपऱ्यानंतर भिंतीला लागून पलंग आला. इथे नवखे लोक चुकतात असं सरांनी बजावलं होतं. पलंग ओलांडून पलीकडची भिंत शोधू गेलं की दिशा हरवते, म्हणून पलंगाची कडच भिंत समजून पुढे सरकायचं. गादीवर हात, पलंगाखाली पाय किंवा दांडा. सामान हलवायचं नाही, नाहीतर डोक्यातला नकाशा परतीच्या वेळी जुळत नाही. मध्येच थांबून क्षणभर श्वास रोखायचा आणि ऐकायचं. स्वतःच्या मास्कचा आवाज बंद झाला की कण्हणं, खोकला ऐकू येऊ शकतो.

तिसऱ्या कोपऱ्यानंतर एक दार लागलं, बाथरूमचं. ते वीतभर आत गेलं आणि अडलं. जोरात ढकललं असतं तर आतला माणूस आणखी दाबला गेला असता. फटीतून हात घातला तर खांदा लागला. पुतळा होता, पण मोठ्या माणसाइतका जड. दार हळूहळू रेटून त्याला बाजूला सरकवलं आणि बाहेर ओढला.

आता परत कुठून जायचं? पुढची भिंत धरली असती तर दार कदाचित जवळ होतं, पण त्या वाटेत काय आहे ते माहीत नव्हतं. मागची वाट चाचपलेली होती. म्हणून वळलो. वळल्यावर तीच भिंत डाव्या हाताला येते, घोळ होतो तो इथेच. हवा पुरेशी होती. ३०० बार दाबाच्या सिलिंडरची, हवा संपत आल्याचा इशारा देणारी शिट्टी साधारण ५५ बारला वाजते, पण शिट्टी वाजल्यावर परतायला सुरुवात करणं म्हणजे उशीर. तोवर बाहेर असलेलं बरं.

दारात आल्यावर जोडीदाराने सवयीने खडू काढला. मी त्याचा हात धरला. दुसरी रेघ ओढून फुली केली की त्याचा अर्थ होतो, खोली पूर्ण झाली, इथे आता कोणी येऊ नये. आमची खोली अर्धवट होती. एकच रेघ ठेवली आणि वॉकीटॉकीवर कळवलं, "एक जण बाहेर काढला. खोली अपूर्ण. बाथरूमचा आतला भाग आणि दाराच्या डावीकडची भिंत बाकी."

त्यामुळे पुढच्या जोडीने डावा हात लावून सुरुवात केली. उरलेली भिंत त्यांना लगेच मिळाली आणि तिथल्या पाळण्यात ठेवलेला छोटा पुतळाही. बाथरूम आतून पाहून, दार ओढून घेतल्यावर मग त्यांनी आमच्या रेघेवर आडवी रेघ मारली.