हाडाजवळची लाली आणि थर्मामीटरचा आकडा

पुण्यातील एका मंगल कार्यालयात त्या संध्याकाळी तीनशे पाहुण्यांचा स्वागत समारंभ होता आणि स्वयंपाकाची जबाबदारी माझ्याकडे होती. तंदूरमधून टंगडीची पहिली खेप बाहेर जाऊन दहा मिनिटेही झाली नसतील, तोच वधूचे काका हातात बशी घेऊन भटारखान्यात आले. त्यांनी टंगडी मधोमध उघडली होती. नळीला चिकटलेले मांस गडद लालसर होते आणि हाडही काळपट दिसत होते. "अहो, हे कच्चं आहे. लहान मुलं खाणार आहेत हे," असे ते म्हणाले. त्यांची काळजी रास्त होती, कारण अर्धकच्च्या कोंबडीतून साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू पोटात जातात. मी टंगडी वाढणे तत्काळ थांबवले.

थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात धरून तो शून्य दाखवतो याची खात्री मी दुपारीच केली होती. त्या खेपेतील सर्वांत जाड टंगडी घेऊन मी त्याचे टोक मांसल भागात, हाडाच्या अगदी शेजारी, पण हाडाला न टेकवता घातले. टोक हाडाला टेकले, तर मांसाऐवजी हाडाचे तापमान दिसते आणि ते मांसापेक्षा बरेच वेगळे असू शकते. आकडा 81 अंश सेल्सिअसवर स्थिरावला. आणखी पाच टंगड्या तपासल्या. एकही 78च्या खाली नव्हती. कोंबडीच्या आतल्या भागाने 75 अंश गाठले की ती सुरक्षित मानली जाते; 70 अंशांवर ती सलग दोन मिनिटे राहिली, तरी तोच परिणाम साधतो. त्यामुळे टंगड्या पूर्ण शिजलेल्या होत्या, याबद्दल मला शंका उरली नाही.

मग लाली कशाची, हे काकांना सांगणे भाग होते. हल्ली बाजारात येणारी कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते. तिची हाडे पुरती कठीण झालेली नसतात, सच्छिद्र असतात. मांस गोठवले की नळीतील मगजाच्या पेशी बर्फाने फुटतात आणि त्यांतील रक्ताचा रंग हाडातून झिरपून भोवतीच्या मांसात उतरतो. शिजताना तो आणखी गडद होतो. आमच्या टंगड्या गोठवलेल्याच होत्या. तंदूरच्या धुरातील वायूंमुळेही मांस लालसर राहू शकते, पण ती लाली सहसा बाहेरच्या कडेला असते. येथे ती हाडापासून सुरू होत होती.

काकांना आकडा दाखवला, तेव्हा ते निश्चिंत झाले. माझे मन मात्र दुसरीकडे वळले होते. टंगड्या लाल असूनही शिजल्या होत्या, तर पांढरी दिसणारी मलई कोंबडी खरोखर शिजली होती का? हाडासकट छातीचे ते मोठे तुकडे नुकतेच भट्टीवरून उतरले होते आणि वाढायला निघण्याच्या तयारीत होते. छातीच्या मांसात मुळातच लाल रंगद्रव्य कमी असते, त्यात दह्याच्या आंबटपणामुळे उरलेला रंगही कमी तापमानावर जातो. तुकडा कापला, तेव्हा आत मांस पांढरेशुभ्र होते आणि रसही स्वच्छ निघाला. मधोमध थर्मामीटर घातला आणि आकडा 61वर थांबला. दुसऱ्या तुकड्यात 63. या तापमानालाही जिवाणू मरतात, पण त्यासाठी मांस तितक्या उष्णतेत बराच वेळ राहावे लागते आणि येथे तो वेळ मिळाला होता असे म्हणायला काहीच आधार नव्हता.

भट्टीवरच्या मुलाला विचारले. तो म्हणाला, "दादा, छातीचे तुकडे सकाळीच फ्रीझरमधून काढले होते, मसाला लावताना मधे थोडे कडक लागत होते." चूक माझीच होती, वितळणे मी घड्याळावर सोडले होते, बोटाने तपासले नव्हते. तुकड्याच्या पोटात बर्फ राहिला, की कडक आचेवर बाहेरून डाग पडतात आणि मधला भाग मागे राहतो. तुकडे लगेच मंद आचेवर झाकून पुन्हा ठेवले. ज्या चिमट्याने आणि थाळीत ते उतरवले होते, ती दोन्ही गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन घेतली. प्रत्येक मोजणीनंतर थर्मामीटरचे टोकही पुसून निर्जंतुक केले, कारण अर्धकच्च्या तुकड्यातून निघालेले तेच टोक शिजलेल्यात घातले, तर तपासण्याचा उपयोगच राहत नाही. अकरा मिनिटांनी सर्वांत जाड तुकड्याने 77 दाखवले. बाकी तुकड्यांपैकी प्रत्येक सळईवरचा एक मोजून मगच मलई कोंबडी बाहेर पाठवली.

टंगडी तोपर्यंत पुन्हा वाढायला सुरुवात झाली होती. आता आम्ही गोठवलेले तुकडे आदल्या रात्रीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोल ताटात ठेवतो आणि मसाला लावण्याआधी सर्वांत जाड तुकडा मधोमध दाबून पाहतो. हाडाजवळचा रंग मला अजूनही थांबवतो, पण त्यानंतर मी कापत नाही, मोजतो.