‘बरं मग, ठरलं!’ : चॅटमधून इतिवृत्त लिहिताना

आमच्या गटाच्या बऱ्याच बैठका चॅटवर होतात. ठरलेल्या वेळी सगळे ग्रुपवर येतात, तासभर मेसेजांची ये-जा होते आणि शेवटी कुणीतरी ‘बरं मग, ठरलं!’ असं लिहून बैठक संपवतं. हजर असलेल्यांना तेवढं पुरतं. दुसऱ्या पाळीत किंवा रजेवर असलेल्यांपुढे मात्र दीड-दोनशे मेसेज उरतात. त्यांच्यासाठी इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे, आणि ते मी कसं करते हे एका बैठकीच्या आधाराने सांगते. इतिवृत्तात अर्थातच नावं असतात. इथे मी माणसांना त्यांच्या कामावरून ओळखते आहे.

बैठक शुक्रवारी, ६ जूनला होती. विषय होता प्रशिक्षणवर्गाच्या नोंदणीचा नवा फॉर्म. मदतकक्षातल्या दोघी हजर नव्हत्या, आणि अर्जदारांचे फोन नेमके त्याच घेतात. म्हणजे या बैठकीत जे ठरेल ते लोकांना समजावून सांगायची वेळ त्यांच्यावर येणार होती. चॅटचा महत्त्वाचा भाग असा होता :

४:१२ समन्वयक – नवा फॉर्म सोमवारपासून सुरू करूया?
४:१२ फॉर्म बनवणारा – चालेल की
४:१३ चाचणी करणारी – सोमवार नको, फोनवरून फोटो अजून अपलोड होत नाहीये
४:१४ नोंदी सांभाळणारे – मग गुरुवार?
४:१५ समन्वयक – ओके गुरुवार. पण जुना लगेच बंद नको, लोकांनी अर्धवट भरलेत
४:१६ नोंदी सांभाळणारे – एक आठवडा दोन्ही चालू?
४:१६ चाचणी करणारी – दोन्ही ठेवले तर एकाच माणसाची नोंद दोनदा येईल
४:१६ फॉर्म बनवणारा – हो
४:१७ समन्वयक – हो, आठवडाभर दोन्ही
४:१७ नोंदी सांभाळणारे – दुबारचं बघून घेऊ
४:१८ समन्वयक – मदतकक्षाला कळवायला हवं. उत्तरांचा मसुदा त्याच करतील
४:१८ फॉर्म बनवणारा – हो नक्की
४:३१ फॉर्म बनवणारा – फोटोचं मंगळवारपर्यंत करतो

पहिलं वाचन मी शेवटापासून वर करते. वरून वाचलं की ‘सोमवारपासून’ आणि लगेच खाली ‘चालेल की’ दिसतं, आणि निर्णय झाला असं वाटून जातं. खालून वर गेलं की आधी शेवटचा शब्द हाती लागतो, आणि आधीचं काय मागे पडलं ते आपोआप कळतं. वाचता वाचता मी प्रत्येक मेसेजसमोर एक खूण करते : निर्णयाला ‘नि’, कामाला ‘का’, चर्चेला ‘च’ आणि अनुत्तरित राहिलेल्याला ‘प्र’. बहुतेक मेसेजांसमोर ‘च’ येतो, पुष्कळांसमोर काहीच येत नाही. थट्टा, चिडचिड, ‘नेट गेलं होतं’ हे सगळं गळून पडतं.

‘नि’ लिहिण्याआधी मी तीन गोष्टी बघते. प्रस्ताव स्पष्ट होता का, तो ठरवायचा अधिकार असलेल्या माणसाने होकार दिला का, आणि त्यावर आलेली हरकत सुटली का? गुरुवार या तिन्हींतून पार पडतो. तारीख ठरवणं समन्वयकांच्या हातात आहे, त्यांनी शब्दांत होकार दिला, आणि सोमवारवरची हरकत गुरुवारमुळे सुटली. नुसता अंगठा मी होकार धरत नाही. आमच्या ग्रुपवर निम्मे लोक ‘वाचलं’ या अर्थाने अंगठा देतात. कुणाच्या अंगठ्यावर निर्णय अवलंबून असेल, तर त्यालाच विचारते.

दोन्ही फॉर्म आठवडाभर चालू ठेवण्याचा निर्णयही झाला, पण तिथली हरकत तशीच राहिली. ‘बघून घेऊ’ हा काही निर्णय नाही, कामही नाही. कोण बघणार, काय बघणार, कधी बघणार, यातलं काहीच त्यात नाही. ‘कळवायला हवं’चंही तेच. आपल्या बोलण्यात अशी कर्ता नसलेली वाक्यं फार असतात, आणि समोरासमोर असताना ती खटकतही नाहीत, कारण बोलणारा कुणाकडे बघतोय ते दिसत असतं. चॅटवर ते दिसत नाही. म्हणून ‘हवं’, ‘करूया’, ‘होऊन जाईल’, ‘बघू’ असे शेवट दिसले की मी थांबते आणि कर्ता शोधते. ‘मंगळवारपर्यंत करतो’ याच्याशी तुलना करून बघा : माणूस आहे, काम आहे, मुदत आहे. याला ‘का’ मिळतो.

४:१६ चा तो एकटा ‘हो’ हा खास चॅटचा घोळ. तो दुबार नोंदींच्या शंकेखाली आला आहे, पण एकाच मिनिटात तीन मेसेज पडले होते. टाइप करायला लागणारा वेळ धरला तर तो ‘एक आठवडा दोन्ही चालू?’ याचं उत्तर असण्याची शक्यता जास्त. तरी शक्यतेवर कुणाच्या तोंडी काही घालणं मला पटत नाही.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात नाजूक जागा येते. दुबार नोंदी कुणी शोधायच्या हे मला चॅट वाचून अगदी सहज सुचतं. नोंदी जे सांभाळतात त्यांचं नाव लिहून टाकलं तर कुणी हरकतही घेणार नाही. पण मग तो निर्णय बैठकीचा राहत नाही, लिहिणाऱ्याचा होतो. गैरहजर माणसाला हा फरक कळायला काही मार्ग नाही. कागदावर आलेलं सगळं तो ठरलेलंच समजणार. त्यामुळे जिथे चॅट गप्प आहे तिथे मी एक तर विचारते, नाहीतर ‘ठरलेलं नाही’ असं लिहिते.

त्या संध्याकाळी मी विचारलं. फॉर्म बनवणाऱ्याला : ‘४:१६ चा तुझा हो कशाला होता?’ उत्तर आलं, आठवडाभर दोन्ही चालू ठेवायला. नोंदी सांभाळणाऱ्यांना : ‘दादा, दुबार नोंदींचं काम तुमच्या नावावर लिहू का? कधी आणि कशावरून ओळखणार?’ ते म्हणाले, रोज सकाळी मोबाइल नंबर आणि जन्मतारीख जुळवून बघेन, पण काढून टाकणार नाही, फक्त खूण करेन. समन्वयकांना दोन प्रश्न : मदतकक्षाला कोण कळवणार, आणि ‘एक आठवडा’ म्हणजे नेमकं कधीपर्यंत? सोमवारपर्यंत मी कळवते, असं त्यांनी लिहिलं. जुना फॉर्म १८ जूनच्या रात्री बंद. मी इतिवृत्तात ‘रात्री १२’ कधीच लिहीत नाही, कारण ती आदल्या दिवशीची की त्या दिवशीची यावर वाद होतो. ११:५९ लिहिलं की वाद मिटतो. ‘गुरुवार’, ‘पुढच्या आठवड्यात’ हेही मी तारखेत बदलते, कारण वाचणारा ते कधी वाचेल ते आपल्या हातात नसतं.

‘उत्तरांचा मसुदा त्याच करतील’ हे मी काम म्हणून लिहिलंच नाही. ज्या हजर नव्हत्या त्यांच्यावर काम ठरत नाही. त्यांना विनंती होते, आणि त्यांनी होकार दिल्यावर ते काम होतं. स्वतःच्या नावावर पडलेलं काम पहिल्यांदा इतिवृत्तात वाचायला मिळणं कुणालाही लागेल. म्हणून इतिवृत्त पाठवण्याआधी मदतकक्षाच्या ताईंना वेगळा मेसेज केला.

शेवटी जे तयार झालं ते वेळेच्या क्रमाने नाही, विषयाच्या क्रमाने होतं, आणि निर्णय सगळ्यात वर :

निर्णय
१. नवा फॉर्म गुरुवार, १२ जूनपासून सुरू. कारण : फोनवरून फोटो अपलोड होण्यातली अडचण आधी दूर करायची आहे.
२. जुना फॉर्म १८ जून, रात्री ११:५९ पर्यंत चालू. कारण : काहींचे अर्ज अर्धवट भरलेले आहेत. (बंद होण्याची वेळ समन्वयकांनी बैठकीनंतर कळवली.)

कामं
१. फोटो अपलोडची दुरुस्ती – फॉर्म बनवणारा – मंगळवार, १० जूनपर्यंत.
२. १२ ते १९ जून रोज सकाळी दुबार नोंदींवर खूण करणं – नोंदी सांभाळणारे. (बैठकीनंतर स्वीकारलं.)
३. मदतकक्षाला बदल कळवणं – समन्वयक – सोमवार, ९ जूनपर्यंत. (बैठकीनंतर स्वीकारलं.)

विनंती
अर्जदारांना द्यायच्या उत्तरांचा मसुदा – मदतकक्ष. होकाराची वाट आहे.

चर्चा
सोमवार, ९ जूनची तारीख सुचवली गेली होती, ती मागे पडली. दोन्ही फॉर्म चालू असताना एकाच व्यक्तीची नोंद दोनदा येईल अशी शंका मांडली गेली.

अनिर्णित
खूण केलेल्या दोन नोंदींपैकी कोणती ग्राह्य धरायची, हे ठरलेलं नाही.

चर्चेला दोनच वाक्यं दिली, ती मुद्दाम. नंतर आलेल्या माणसाला चर्चेतून दोनच गोष्टी हव्या असतात : आपल्याला सुचणारा पर्याय आधीच बघितला गेला का, आणि कोणती शंका शिल्लक आहे. ‘सोमवार मागे पडला’ हे वाचलं की ‘सोमवारी का नाही?’ असा मेसेज येत नाही. कोण काय म्हणालं हे चर्चेत मी लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या वेळी माणसं मोकळेपणाने शंका काढत नाहीत. कामात मात्र नाव हवंच, आणि एकाच माणसाचं. दोन नावं असली की दोघंही एकमेकांची वाट बघतात. मदतीला दुसरं कुणी असेल तर ‘सोबत’ म्हणून वेगळं लिहिते.

‘बैठकीनंतर’ हे कंसातले शब्द मी कधीच गाळत नाही. कुणी मूळ चॅट उघडून ताडून बघितलं आणि त्यात दुबार नोंदींच्या कामाचं नाव सापडलं नाही, तर बाकीच्या कागदावरचाही विश्वास उडेल.

मसुदा आधी हजर असलेल्यांना गेला, शनिवारी दुपारपर्यंत दुरुस्त्या कळवा असं सांगून. चाचणी करणारीने एक दुरुस्ती सुचवली : अडचण सगळ्या फोनांवर नाही, मोठ्या आकाराच्या फोटोंनाच येते. हे बैठकीत कुणी बोललं नव्हतं, म्हणून निर्णयाचं कारण तसंच ठेवलं आणि ‘बैठकीनंतर मिळालेली माहिती’ म्हणून खाली एक ओळ जोडली. मग ते मदतकक्षाला गेलं.

ताईंचं उत्तर सोमवारी आलं. मसुदा करायला त्या तयार होत्या, पण त्यांनी विचारलं : अर्ज अर्धवट राहिलेला माणूस १२ तारखेनंतर फोन करेल, तर त्याला जुनाच पूर्ण करायला सांगायचं की नवा भरायला? चॅटमध्ये याचं उत्तर नव्हतं. मी तो प्रश्न ‘अनिर्णित’मध्ये दुसऱ्या क्रमांकावर त्यांच्या नावाने आणि तारखेने घातला, विनंतीखालची ओळ कामांमध्ये हलवली, आणि समन्वयकांना कळवलं. त्यांनी मंगळवारी दहा मिनिटं सगळ्यांना परत ग्रुपवर बोलावलं. सुरुवातीला शुक्रवारचं इतिवृत्त कायम झालं, मग दोन्ही अनिर्णित प्रश्न घेतले : अर्धवट अर्ज जुन्यातच पूर्ण करायचा, आणि नोंद दोनदा आली तर नंतरची ग्राह्य. या वेळी समन्वयकांनी शेवटी प्रत्येक निर्णय पूर्ण वाक्यात, नाव आणि तारखेसह स्वतःच लिहिला. त्या बैठकीचं इतिवृत्त मला जवळजवळ आहे तसंच उतरवून घेता आलं.