नाव आणि गुण यांच्या मध्ये काय?

मंगळवार, रात्री

नव्या असाइनमेंटमध्ये इनपुटबद्दल एवढंच लिहिलंय: पहिल्या ओळीत N, पुढच्या N ओळींत प्रत्येकी विद्यार्थ्याचं नाव आणि गुण. नमुन्यात स्नेहा, अमित, रोहन. सगळ्यांची एकेका शब्दाची नावं. खऱ्या टेस्ट फाइलमध्ये आडनाव असेल का, हे ना मजकूर सांगतो ना नमुना.

बॅचमधल्या सगळ्यांनी नमुना बघून `scanf("%s %d", ...)` लिहून टाकलं. कुर्ल्याला गाडी रखडली होती तेव्हा मी वहीत हे इनपुट मांडून बघितलं:

```
2
Sneha Patil 78
Amit 64
```

`%s` पहिल्या स्पेसपाशी थांबतं, म्हणजे नावात नुसतं Sneha येतं. मग `%d` आकडा शोधायला जातं तर समोर Patil. ते हात टेकतं, गुणांच्या जागी आधीची गार्बेज व्हॅल्यू तशीच राहते आणि Patil न वाचलेलं पडून राहतं. पुढच्या फेरीत तेच Patil नाव म्हणून उचललं जातं आणि त्याला 78 गुण मिळतात. दोन फेऱ्या संपल्या, लूप संपला. पाटील ही स्वतंत्र विद्यार्थिनी झाली आणि बिचाऱ्या अमितचा नंबरच लागला नाही! कंपाइलर यावर चकार शब्द काढत नाही. `scanf` दोनऐवजी 1 परत देतं, पण ते बघतं कोण?

मैत्रीण म्हणाली, "अगं, `fgets`ने अख्खी ओळ वाच, शेवटची स्पेस शोध, त्याच्या आधीचं सगळं नाव. दोन्ही चालेल. मॅडमना कशाला छळतेस?" मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. ओळीसाठी जागा किती ठेवू? तीस ठेवली आणि ओळ त्याहून लांब निघाली, तर `fgets` उरलेला तुकडा पुढच्या वेळी नवी ओळ म्हणून देतं. पुन्हा पाटीलच! लांबी सांगितलेली नसेल तर हुशारीने लिहिलेला कोडही अंदाजावरच चालतो.

म्हणून घरी येऊन पत्र लिहिलं. "इनपुट समजलं नाही" असं लिहिलं की "प्रश्न नीट वाचा" हे उत्तर ठरलेलं, हे गेल्या सेमिस्टरला बघितलंय. मॅडमना एका ओळीत उत्तर देता यावं, असं विचारायचं ठरवलं.

"आदरणीय मॅडम,

असाइनमेंटमध्ये 'प्रत्येक ओळीत विद्यार्थ्याचं नाव आणि गुण' असं दिलं आहे. खालच्या दोन्ही ओळी या वर्णनात बसतात:

```
Sneha 78
Sneha Patil 78
```

नमुन्यात फक्त पहिल्या प्रकारची ओळ आहे. `%s` वापरलं तर दुसऱ्या प्रकारात Patil हे पुढच्या विद्यार्थ्याचं नाव म्हणून वाचलं जातं, म्हणून विचारते आहे.

1. नावात स्पेस येऊ शकते का?
2. नावाची कमाल लांबी किती धरावी?

तुमचं उत्तर येईपर्यंत मी स्पेस येऊ शकते असं धरून काम करते. ओळीतला शेवटचा शब्द गुण आणि त्याआधीचं सगळं नाव, असं वाचेन.

आपली विद्यार्थिनी"

खाली नाव, रोल नंबर, बॅच. मॅडमकडे चार बॅचेस आहेत, त्यामुळे विषयातच असाइनमेंटचा नंबर आणि 'इनपुट: नावात स्पेस?' असं घातलं. शेवटचं वाक्य आधी नव्हतं, पण उत्तर यायला दोन दिवस लागले तर सबमिशन अडकायचं. शिवाय माझं गृहीतक चुकलं असेल तर मॅडमना तिथेच ते खोडता येतं. "कृपया लवकरात लवकर" मात्र काढून टाकलं. घाई माझी आहे, त्यांची नाही.

जेवण होईपर्यंत उत्तर आलं, सगळ्या बॅचला: "नावात स्पेस येऊ शकते. नाव जास्तीत जास्त 50 अक्षरं. नमुना बदलते."

म्हणजे `char name[51]`, कारण शेवटच्या `'\0'`ला एक जागा लागतेच, आणि ओळीचा बफर 100चा, गुण आणि नवी ओळ धरूनही पुरून उरेल. उद्या लॅबमध्ये एवढंच सांभाळायचंय: N `scanf`ने वाचला की त्याच्या मागची नवी ओळ तशीच राहते आणि पहिलं `fgets` रिकामी ओळ घेऊन येतं. त्यापेक्षा N सुद्धा `fgets`नेच वाचते आणि `sscanf`ने आकडा काढते.